क्रिएटिनचे सहा महिने: बेंच प्रेस खरंच स्क्वॉटपेक्षा जास्त वाढतो का?

क्रिएटिन सुरू करून दोन महिने झाले तेव्हा मी ठामपणे सांगत होतो की ही पावडर छाती-खांद्यांवर काम करते, पायांवर फारशी नाही. वहीतले आकडे तसंच म्हणत होते. सहा महिने पूर्ण झाले, मग पाच आठवडे बंद करून पाहिली, शोधनिबंधही वाचले, आणि माझं मत बदललं. ते कसं बदललं हे सविस्तर सांगतो, कारण जिममध्ये हा समज मला वरचेवर ऐकू येतो.

आधी मी काय केलं ते. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज 5 ग्रॅम, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. लोडिंग केलं नाही. रोज 20 ग्रॅम घेतलं तर पाच-सहा दिवसांत स्नायू क्रिएटिनने भरतात आणि रोज 3 ग्रॅम घेतलं तर साधारण चार आठवड्यांत तिथेच पोचतात, हे 1996 मध्येच हल्टमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय. मला घाई नव्हती. व्यायामाचा आराखडा आधीच्या सहा महिन्यांत होता तोच ठेवला: आठवड्यात दोनदा बेंच, दोनदा स्क्वॉट, एकदा पुल-अप्स. मोठ्या सेट्समध्ये घड्याळ लावून तीन मिनिटांची विश्रांती.

क्रिएटिनशिवायच्या सहा महिन्यांत माझा एका रेपचा बेंच 65 वरून 67.5 किलोवर गेला होता आणि स्क्वॉट 85 वरून 95 वर. क्रिएटिनच्या सहा महिन्यांत बेंच 67.5 वरून 75 झाला, स्क्वॉट 95 वरून 107.5. टक्क्यांत मांडलं तर बेंचची वाढ जवळपास 4 वरून 11 टक्क्यांवर गेली आणि स्क्वॉटची 12 वरून 13 वर. हे पाहून कुणीही म्हणेल की फायदा वरच्या अंगाला झाला, पाय होते त्याच गतीने चालले.

पण वहीची मागची पानं उलटली तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे, आधीच्या सहा महिन्यांत उजवा खांदा दुखत असल्याने मी जवळजवळ सहा आठवडे हलक्या वजनाने बेंच केला होता. म्हणजे ज्या काळाशी मी तुलना करत होतो तो बेंचसाठी मुळातच वाईट काळ होता. त्यानंतर बेंच वाढणारच होता, क्रिएटिन असो वा नसो. दुसरी गोष्ट प्लेट्सची. आमच्याकडे सगळ्यात लहान प्लेट 1.25 किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंना लावली की 2.5 किलोची उडी. 67.5 किलोच्या बेंचवर ही उडी 3.7 टक्के होते, 95 च्या स्क्वॉटवर 2.6 टक्के. एक पायरी इकडची तिकडे झाली की बेंचचे टक्के जास्त हलतात. यात स्नायूंचा काही संबंध नाही, फक्त मोजपट्टी जाड आहे.

म्हणून एका रेपचं वजन सोडून मी दुसरं माप धरलं. तेच वजन, न थांबता किती रेप्स. बेंचवर 55 किलो, स्क्वॉटवर 77.5 किलो. ही चाचणी मी क्रिएटिन सुरू करण्याच्या आठवड्यात केली होती आणि दोन्हींत 8 रेप्स निघाल्या होत्या. सहा महिन्यांनी बेंच 11, स्क्वॉट 10. बेंचची नववी रेप मला नीट आठवते. पूर्वी आठव्यालाच बार छातीपासून वीतभर वर येऊन थबकायचा आणि खालून कुणीतरी ओढतंय असं वाटायचं. या वेळी नवव्याला तो त्या जागेवरून हळू, पण न थांबता गेला.

हा बदल क्रिएटिनच्या कामाच्या पद्धतीशी जुळतो. स्नायूत साठलेलं फॉस्फोक्रिएटिन वापरलेलं एटीपी, म्हणजे स्नायूंचं तातडीचं इंधन, चटकन परत तयार करतं, आणि हा साठा जोरदार प्रयत्नात काही सेकंदांतच उतरतो. साठा थोडा मोठा असला की सेटच्या शेवटी एखाददुसरी रेप जास्त निघते आणि दोन सेट्समधे तो लवकर भरून येतो. ताकद वाढते ती मुख्यतः त्या जास्तीच्या रेप्स आठवड्यामागून आठवडे साठत गेल्याने. ही यंत्रणा हातात वेगळी आणि पायात वेगळी नाही.

आता अभ्यासांकडे. वरच्या अंगाला जास्त फायदा हा समज हवेतून आलेला नाही. ब्रांच यांनी 2003 मध्ये शंभर अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा परिणामाचं माप वरच्या अंगाच्या व्यायामांना 0.42 आणि खालच्या अंगाला 0.21 आलं, म्हणजे सरळ दुप्पट. पुढे लान्हेर्स आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळे आढावे काढले. 2015 चा पायांचा, त्यात स्क्वॉटला 0.34 आणि लेग प्रेसला 0.30. 2017 चा हातांचा, त्यात बेंच प्रेसला 0.27, पण मशीनवरच्या चेस्ट प्रेसला 0.68. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. जिममध्ये ज्या दोन लिफ्ट्सची तुलना होते, बेंच आणि स्क्वॉट, त्यांत इथे स्क्वॉट पुढे आहे. वरच्या अंगाची सरासरी वर खेचणारा चेस्ट प्रेसचा आकडा आहे आणि त्याची अनिश्चितता फार मोठी आहे: खरी किंमत 0.15 पासून 1.2 पर्यंत कुठेही असू शकते. इतक्या रुंद पट्ट्यावर मी काही ठरवणार नाही.

मग 2024 मध्ये पन्नाशीच्या आतल्या लोकांवरच्या 23 अभ्यासांचा आढावा आला. त्यात निकाल किलोमध्ये दिलाय. व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांचा वरच्या अंगाचा फायदा प्लासीबोपेक्षा सरासरी 4.43 किलो जास्त, खालच्या अंगाचा 11.35 किलो जास्त. हे पाहणारा म्हणेल, अरे, पायांनाच जास्त!

दोन्ही खरं कसं असेल, हे मला कळायला वेळ लागला. किलोत मोजलं की पाय जिंकणारच, कारण पाय मुळातच जास्त वजन उचलतात. आणि ब्रांच किंवा लान्हेर्स यांचं ते 0.3 सारखं माप काढताना गटांमधला फरक लोकांमधल्या चढउताराने भागतात. एक मानलेलं उदाहरण घेऊ. समजा बेंचवर लोकांची ताकद सरासरीच्या आसपास 15 किलोंनी मागेपुढे आहे आणि क्रिएटिनने 4.5 किलोचा फायदा दिला. माप आलं 0.30. लेग प्रेसवर लोक 50 किलोंनी मागेपुढे आहेत, कारण कुणाचे पाय लांब, कुणी खोल जातं, कुणी अर्ध्यावरून परत येतं. तिथे 11 किलोचा फायदा झाला तरी माप येतं 0.22. आता टक्क्यांत पाहा: बेंचची सरासरी 80 आणि लेग प्रेसची 200 धरली तर दोन्हीकडे फायदा साधारण साडेपाच टक्केच. तोच परिणाम किलोत पायांचा वाटतो, प्रमाणित मापात छातीचा वाटतो आणि टक्क्यांत बरोबरीचा. माझ्या मते या वादातला मोठा भाग इथेच संपतो. कुणी वर-खालचा दावा केला की मी आता आधी विचारतो, कोणत्या मापात?

तरी एक अभ्यास मी बाजूला सारणार नाही. 2017 मध्ये नुनेस आणि सहकाऱ्यांनी आधीपासून व्यायाम करणाऱ्या 43 पुरुषांना आठ आठवडे क्रिएटिन किंवा प्लासीबो दिलं, आणि क्रिएटिन गटात हातांचं चरबीविरहित वजन पायांपेक्षा टक्क्यांत दुपटीहून जास्त वाढलं. एकाच माणसाचे हात आणि पाय मोजलेले असल्याने ही तुलना वजनदार आहे. पण मोजलं ते क्ष-किरणांच्या डेक्सा स्कॅनने, आणि डेक्साला स्नायूत शिरलेलं पाणी आणि खरा नवा स्नायू यांतला फरक कळत नाही. 2023 मध्ये बर्क आणि सहकाऱ्यांनी फक्त थेट प्रतिमांवरून स्नायूची जाडी मोजणारे अभ्यास गोळा केले, तेव्हा हात आणि पाय दोन्हीकडे वाढ सारखीच आणि छोटी निघाली, एक ते दीड मिलिमीटरच्या घरात.

आणखी एक कारण मला माझ्याच शरीरात दिसलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझं वजन 71.2 वरून 72.9 झालं, बहुतेक पाणी. बेंचवर पाठ टेकलेली असते, ते वजन उचलावं लागत नाही. स्क्वॉटमध्ये बारसोबत ते दर रेपला उचलावं लागतं. म्हणजे पायांनी केलेलं थोडं काम बारवर दिसतच नाही. याची उलट बाजू पुल-अप्समध्ये दिसली: वरच्याच अंगाचा व्यायाम, पण सहा महिन्यांत 7 वरून जेमतेम 8. शिवाय स्क्वॉटच्या लांब सेटमध्ये माझी कंबर आणि श्वास बरेचदा मांड्यांच्या आधी हार मानतात. तिथे मांड्यांत साठा असला तरी तो पूर्ण वापरायची संधी मिळत नाही.

शेवटी बंद करून पाहिलं. स्नायूंतला जास्तीचा साठा उतरायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून पाच आठवडे पावडर पूर्ण बंद, बाकी सगळं तेच. वजन 1.1 किलोने उतरलं. रेप्सची चाचणी: 55 किलो बेंच 11 वरून 10, 77.5 किलो स्क्वॉट 10 वरून 9. दोन्हीकडे एकेकच रेप गेली. एका माणसाचा एकच प्रयोग आहे, आणि आज किती रेप्स निघतील हे झोपेवरही ठरतं, त्यामुळे यावरून मोठा निष्कर्ष काढणार नाही. पण मला आधी वाटत होतं तसं असतं, तर बेंच जास्त घसरायला हवा होता. तसा तो घसरला नाही.

एक गोष्ट विषयाबाहेरची, तरी सांगतो. याच काळात रक्त तपासलं तर क्रिएटिनिनचा आकडा वर आला. क्रिएटिनचंच रूपांतर क्रिएटिनिनमध्ये होतं, म्हणून असं होऊ शकतं. पण तपासणाऱ्या डॉक्टरांना पावडर चालू असल्याचं आधी सांगा, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

मी परत 5 ग्रॅमवर आलोय. या वेळी बेंचसाठी अर्धा किलोच्या प्लेट्स मागवल्यात, आणि वहीत दर चाचणीसमोर किलो, टक्के आणि त्या दिवशीचं शरीराचं वजन असे तिन्ही आकडे लिहायला लागलोय.