‘मेड इन इंडिया’ पॅनेल आणि माझे बुडालेले 78 हजार

गेल्या वर्षी पीएम सूर्यघर योजनेतून छतावर 3 किलोवॅटची सोलर बसवली. सबसिडीचा एक रुपयाही मिळाला नाही, आणि कारण योजनेत नाही, माझ्या गाफीलपणात आहे.

योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार रुपये मिळतात. घर आपलं हवं, छत हवं, घरगुती वीजजोडणी हवी आणि आधी सोलरची सबसिडी घेतलेली नसावी. माझं सगळं बसत होतं. फक्त बिल वडिलांच्या नावावर होतं. ते वारल्यानंतर मी बदललंच नव्हतं. आधी नाव बदलून घेतलं. तेवढा एक शहाणपणा माझा.

घरी आलेला एजंट गोड बोलायचा. ‘सर, तुम्ही फक्त वीजबिल, आधार, घरपट्टीची पावती आणि पासबुकाची झेरॉक्स द्या, बाकी सगळं आमच्यावर सोडा.’ नोंदणीचे म्हणून दोन हजार घेतले. योजनेच्या पोर्टलवरची नोंदणी फुकट असते हे मला नंतर कळलं. त्याहून वाईट म्हणजे नोंदणी त्याने स्वतःच्या मोबाईल नंबरवर केली. ओटीपी त्याच्याकडे, लॉगिन त्याच्याकडे. पोर्टलवरच्या मंजूर विक्रेत्यांच्या यादीतून विक्रेता निवडण्याचं बटणही त्यानेच दाबलं. माझा अर्ज कुठवर आलाय हे मला त्यालाच विचारावं लागायचं.

कोटेशन 1 लाख 85 हजारांचं होतं. बाकीच्या दोन कोटेशनपेक्षा जवळपास वीस हजारांनी कमी. त्यावर ठळक अक्षरात ‘540 वॅटची 6 मेड इन इंडिया पॅनेल’. मी म्हटलं, आणखी काय पाहिजे?

इथेच मी फसलो. सबसिडीसाठी पॅनेल ‘डीसीआर’ लागतं, म्हणजे पॅनेलबरोबर त्याच्या आतला सेलही भारतात बनलेला असावा लागतो. बाहेरून आणलेले सेल इथल्या कारखान्यात जोडून केलेलं पॅनेलही ‘मेड इन इंडिया’च असतं. त्यामुळे एजंट शब्दशः खोटं बोललाच नव्हता! डीसीआर पॅनेल महाग पडतं, म्हणून कोटेशन स्वस्त. वीज दोन्ही पॅनेल देतात, त्यामुळे इन्व्हर्टरचा दिवा लागला की सगळं बरोबर आहे असंच वाटतं.

पॅनेल चढली त्या दिवशी छतावर फोटोही काढला, मी हसतोय त्यात. नव्वद टक्के पैसे तेव्हा देऊन झाले होते, उरलेले दहा टक्केही त्याच संध्याकाळी दिले.

तीन आठवड्यांनी महावितरणचे अभियंते तपासणीला आले. अर्थिंग, केबल बघितली, मग कागद घेऊन छतावर गेले. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर एक लांबलचक सिरीयल नंबर असतो. त्यांनी वाकून एकेक वाचला आणि माझ्याकडे बघितलं. ‘पोर्टलवर भरलेले नंबर हे नाहीत.’ सहाच्या सहा वेगळे. कुठल्या तरी डीसीआर पॅनेलचे नंबर माझ्या अर्जात घातले होते, छतावर मात्र दुसरीच पॅनेल. अहवाल अडला, तो मंजूर झाल्याशिवाय सबसिडीची मागणी पुढे जात नाही.

एजंट आधी म्हणाला, ‘टायपिंगची चूक आहे, दोन दिवसांत सुधारतो.’ सहा नंबरांची टायपिंग चूक! पुढे फोन घेणं बंद. यादीतल्या कंपनीने सांगितलं की हा माणूस आमचा नाही, आमच्या नावावर काम घेतो. हमीपत्र आणि पावतीवर कुणाचा शिक्का आहे ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. तिसऱ्याच दुकानाचा.

चार महिने पत्रव्यवहार केला, पोलिसांतही अर्ज दिला. वीज मात्र छतावर तयार होऊन वाया चालली होती. शेवटी सबसिडीवर पाणी सोडलं आणि जास्तीची वीज बिलातून वजा करणारं नेट मीटर सबसिडीविनाच घेतलं. पॅनेल नीट चालतात, बिलही कमी झालंय. महिन्याचं बिल बघून बायको म्हणते, ‘अजून 78 हजार वसूल व्हायचेत.’

गेल्या आठवड्यात शेजारचे काका कोटेशन घेऊन आले. ‘मेड इन इंडिया’ पाहून मी चष्मा लावला आणि खाली पेनाने लिहिलं : सर्व पॅनेल डीसीआर, सिरीयल नंबर बसवण्याआधी लेखी द्यावेत, मी तपासल्यावरच वर चढतील, नोंदणी माझ्या मोबाईलवर, शेवटचे तीस हजार तपासणी मंजूर झाल्यावर. म्हटलं, ‘काका, एवढ्यावर त्याची सही आणि यादीतल्या कंपनीचा शिक्का घ्या.’

काका म्हणाले, ‘उद्या येतो म्हणाला होता.’ तो अजून आलेला नाही.