सोसायटीच्या कॅमेऱ्यांचे लॉगिन कोणाकडे असावे? सभेपुढील तीन पर्याय

आपल्या सोसायटीत 48 सदनिका आहेत, 12 कॅमेरे आहेत आणि त्या सर्वांचे चित्रण साठवणारा एक डीव्हीआर कार्यालयात आहे. या डीव्हीआरचे admin हे एकच लॉगिन गेली चार वर्षे सर्वजण वापरत आहेत. ते बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ठरवून दिले, तेव्हाच्या सचिवांनी ते व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि त्यानंतर आजवर बदलले गेले नाही. गेल्या पावसाळ्यात बी विंगखालून एक स्कूटर चोरीला गेली, तेव्हा त्या रात्रीचे नेमके चाळीस मिनिटांचे चित्रण सापडले नाही. डीव्हीआरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, रात्री दीडच्या सुमारास कोणीतरी बाहेरून लॉगिन करून ध्वनिचित्रणाची सेटिंग्ज बदलल्याचे दिसले. वापरकर्त्याच्या रकान्यात मात्र admin एवढेच लिहिले होते. ते 48 घरांपैकी कोणीही असू शकत होते, किंवा सदनिका सोडून गेलेला एखादा जुना भाडेकरूही. आज सभेने घ्यायच्या निर्णयाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: दिलेला प्रवेश कोणाचा आहे हे ओळखता यावे, आणि इतरांना धक्का न लावता तो एकट्याकडून परत घेता यावा.

पहिला पर्याय म्हणजे आहे तेच चालू ठेवणे. त्यात सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलगा शाळेच्या बसमधून उतरला का, कुरिअरवाला फाटकाशी आला का, हे कोणालाही घरबसल्या पाहता येते. परंतु admin या लॉगिनने केवळ पाहता येत नाही, तर कॅमेरा बंद करता येतो, घड्याळ मागेपुढे करता येते आणि हार्ड डिस्क पूर्ण पुसताही येते. शिवाय इंटरनेटवरही ताण येतो. मोबाइलवर दिसणारे हलक्या दर्जाचे चित्र एका कॅमेऱ्यामागे साधारण अर्धा एमबीपीएस घेते, असे धरले तर बाराही कॅमेरे एकत्र उघडणारी एक व्यक्ती सहा एमबीपीएस वापरते आणि अशा दहा व्यक्ती साठ. संध्याकाळी चित्र अडकते अशी जी तक्रार वारंवार येते, तिचे हे एक संभाव्य कारण आहे.

दुसरा पर्याय प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा प्रवेश देण्याचा आहे. डीव्हीआरमध्ये वेगवेगळे वापरकर्ते तयार करता येतात, किंवा कॅमेऱ्याच्या ॲपमधून ठरावीक कॅमेरे दुसऱ्याच्या खात्याला वाटून देता येतात. ‘फक्त थेट चित्र’, ‘जुने चित्रणही’ अशा परवानग्याही बहुतेक उपकरणांत निरनिराळ्या ठेवता येतात. त्यामुळे रहिवाशांना फाटक आणि लॉबी हे दोनच कॅमेरे थेट दाखवता येतील, तर जिना, लिफ्ट आणि वाहनतळाचे जुने चित्रण समितीच्या दोन सदस्यांपुरते ठेवता येईल. कोणती मुलगी रात्री किती वाजता कोणाबरोबर आली, हे शेजाऱ्यांनी मोबाइलवर मागे जाऊन पाहणे हा सुरक्षेचा भाग नव्हे. माझ्या मते या पर्यायाच्या बाजूने हेच सर्वांत मोठे कारण आहे. अडचण मात्र खरी आहे. डीव्हीआरवरील वापरकर्त्यांच्या संख्येला मर्यादा असते, आणि भाडेकरू बदलला की त्याचे नाव काढण्याचे काम कोणाला तरी आठवणीने करावे लागते. हे काम कोणाच्याच नावावर नसेल, तर वर्षभरात हा पर्याय पहिल्यासारखाच होतो.

तिसरा पर्याय म्हणजे बाहेरून पाहण्याची सोयच बंद करून चित्रण केवळ कार्यालयातील पडद्यावर, लेखी अर्जानंतर आणि समितीच्या दोन सदस्यांसमोर दाखवणे. बाहेरून घुसखोरीचा धोका यात सर्वांत कमी. परंतु पहाटे तीनला काही घडले आणि कार्यालयाची किल्ली गावाला गेलेल्या सदस्याकडे असली, तर पहारेकरी काहीच करू शकत नाही.

माझी शिफारस दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाची सांगड घालण्याची आहे. बाहेरून प्रवेश समितीच्या पाच जणांना, स्वतंत्र नावांनी द्यावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी मागणी केल्यास त्यांना फाटकाचा एकच कॅमेरा थेट दाखवावा. इतर सर्वांसाठी अर्जाची पद्धत ठेवावी.

हे ठरले तरी दोन दारे उघडी राहतील, म्हणून त्यांचाही निर्णय आजच हवा. पहिले दार ओटीपीचे. कॅमेऱ्यांचे मुख्य ॲप खाते सध्या एका पदाधिकाऱ्याच्या खासगी मोबाइल क्रमांकावर आहे. त्या खात्याचा पासवर्ड विसरल्याचे सांगून नवा मागितला की ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. ‘वार्षिक देखभाल करार संपतो आहे, सर्व्हर बदलतो आहोत, आलेला क्रमांक सांगा’ असा फोन आला आणि त्यांनी तो सांगितला, तर नाव-परवानग्यांची सारी रचना एका वाक्यात कोसळते. ओटीपी कशासाठी आहे हे बहुधा त्याच संदेशात लिहिलेले असते. फोन चालू ठेवून घाईने आकडे वाचण्याऐवजी फोन ठेवून तो संदेश पूर्ण वाचावा. त्याहून चांगले म्हणजे सोसायटीच्या नावाचे वेगळे सिम आणि ईमेल घेऊन मुख्य खाते त्यावर हलवावे, म्हणजे समिती बदलली तरी खाते माणसाबरोबर जाणार नाही.

हीच युक्ती खजिनदारांच्या बँक खात्यावरही वापरली जाते, आणि तेथे वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचेच असते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून नातेवाइकांशी सल्लामसलत करण्याआधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करावा.

दुसरे दार वायफायचे. कार्यालयाच्या वायफायचा पासवर्ड पहारेकऱ्याच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला आहे आणि डीव्हीआर त्याच राउटरला जोडलेला आहे. त्या वायफायवर आलेल्या कोणालाही ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा पत्ता टाकून त्याचे लॉगिन पान उघडता येते. डीव्हीआरचा पासवर्ड सोसायटीचे नाव आणि 123 असा असेल, तर पुढचे अवघड नाही. वायफायचा पासवर्ड बदलू म्हटले की लिफ्टमधला बिनतारी कॅमेरा बंद पडतो, म्हणूनच तो कधी बदलला गेला नाही. यावर उपाय राउटरमध्येच आहे: ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून पहारेकरी, तंत्रज्ञ आणि पाहुणे यांना त्यावर ठेवावे आणि गेस्टला अंतर्गत उपकरणे दिसणार नाहीत अशी सेटिंग तपासावी. मग गेस्टचा पासवर्ड दर महिन्याला बदलला तरी एकही कॅमेरा बंद पडणार नाही. मुख्य नेटवर्कचा पासवर्ड लांब ठेवून केवळ दोघांकडे असावा. मुख्य नेटवर्कला किती उपकरणे जोडलेली आहेत हे राउटरच्या यादीत दिसते. आपल्याला ठाऊक असलेली उपकरणे मोजून त्यांहून अधिक नावे दिसली, तर पासवर्ड बाहेर गेला आहे असे समजावे.

ठराव मंजूर झाल्यास कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुख्य खाते सोसायटीच्या क्रमांकावर न्यावे, मग वायफाय वेगळे करावे आणि शेवटी admin चा पासवर्ड बदलावा. तो बदलला म्हणून ॲपमधून पूर्वी वाटून दिलेला प्रवेश आपोआप रद्द होतोच असे नाही. वाटपाची यादी उघडून एकेक नाव काढावे लागेल, आणि नाव काढलेल्या एखाद्या सभासदाचा फोन त्याच वेळी मागून घेऊन त्यावर चित्र खरोखरच बंद झाले का, हे पाहावे लागेल.