एनजीस्पाइस, सहा महिन्यांनंतर: एका `M`पायी गेलेला शनिवार, आणि निफाडहून आलेला फोन

एनजीस्पाइस म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर. त्याचं हे परीक्षण आधी लिहायचं होतं दोन चांदण्यांचं. आता साडेतीन-चारपर्यंत आलोय. पण `M`बद्दलचा राग अजून गेलेला नाही, तो खाली येईलच.

नाशिकच्या अंबडला आमचा छोटा गाळा आहे. ठिबकचे कंट्रोलर बनवतो: मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर, दोन-चार व्हॉल्व्ह, एक बोर्ड, एक डबा. सप्लाय जुन्या पद्धतीचा, म्हणजे १२ व्होल्ट ५०० मिलीअँपियरचा ट्रान्सफॉर्मर, चार ४००७ डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पक्के १२ व्होल्ट देणारा ७८१२ रेग्युलेटर. एसएमपीएस का नाही, असं विचारणाऱ्यांना एकच सांगतो, पावसाळ्यात माझ्याकडे परत आलेल्या मेलेल्या एसएमपीएसचं खोकं येऊन बघा.

सॉफ्टवेअर फुकट आहे आणि माझ्या जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतं. एवढ्यावरच मी ते घेतलं होतं. हेतू साधा होता. वहीत केलेला हिशोब बरोबर आहे का, ते बोर्ड छापायच्या आधी कळावं.

वहीतला हिशोब असा. १२ गुणिले १.४१४ म्हणजे शिखर १६.९७. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड, १.४ वजा, राहिले १५.५७. लोड ३०० मिलीअँपियर. कपॅसिटर दर १० मिलीसेकंदांनी भरतो, म्हणून रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, ०.३ गुणिले ०.०१ भागिले ०.००२२, म्हणजे १.३६ व्होल्ट. दरी, म्हणजे व्होल्टेज खाली जाऊन टेकतं ती जागा, १४.२ ला. ७८१२ ला वर दोन व्होल्ट लागतात असं धरलं तर १४ पुरे. काठावर, पण पास.

सिम्युलेशननं पहिल्याच फटक्यात दरी दाखवली ८.७ ला.

यातला अर्धा गुन्हा माझा. मी `SIN(0 12 50)` लिहिलं होतं. तिथे मधला आकडा शिखराचा असतो, आरएमएसचा नाही. मीटरवर आणि ट्रान्सफॉर्मरच्या चिठ्ठीवर आयुष्यभर आरएमएसच वाचलेलं, त्यामुळे हात आपोआप १२ लिहून गेला. ते १६.९७ केलं तर दरी १३.६ वर आली.

आणि इथे मी जवळजवळ फसलो. हातानं १४.२, यंत्रात १३.६. फरक ०.६ चा. मनात म्हटलं, डायोड ०.७ ऐवजी थोडे जास्त खात असतील, चालायचंच. लॅपटॉप मिटणार होतो. मोठी चूक ओरडून सांगते, छोटी मात्र आपल्याला पटेल असं कारण सोबत घेऊन येते.

थांबलो ते फक्त चित्रामुळे. `plot v(out)` केलं तर दोन शिखरांमध्ये २० मिलीसेकंदांचं अंतर. ब्रिज आहे, तर १० हवं. रिपलही अडीच व्होल्टांचा. म्हणजे ब्रिजचा अर्धा भाग कामच करत नव्हता. डायोड उलटे लिहिले का, हे बघण्यात संध्याकाळ गेली. उलटे नव्हते. मग सहज एका डायोडचा करंट काढला, तर शेकडो अँपियर! ४००७ मधून! खरा असता तर गाळ्यात धूर झाला असता.

गुन्हेगार एक रेझिस्टर. सेकंडरी लोंबकळत राहू नये म्हणून तिचं एक टोक मी सवयीनं मोठ्या रेझिस्टरनं ग्राउंडला बांधलं होतं, आणि किंमत लिहिली होती `1M`. आपल्यासाठी तो एक मेगाओहम. स्पाइससाठी `M` म्हणजे मिली, कॅपिटल असो वा स्मॉल. एक हजारांश ओहम! म्हणजे मी सेकंडरीचं टोक थेट ग्राउंडला शॉर्ट केलं होतं. ब्रिजमधला एक डायोड त्यामुळे निकामी झाला, आणि उलट्या अर्ध्या फेरीत अख्खी सेकंडरी दुसऱ्या एका डायोडमधून शॉर्ट. मेगा हवा असेल तर `1MEG` लिहायचं.

एनजीस्पाइस ज्यातून आलं ते मूळ स्पाइस १९७३ चं, बर्कली विद्यापीठातलं. तेव्हा सर्किट पंचकार्डांवर कॅपिटल अक्षरांतच जायचं, त्यामुळे लहान-मोठ्या `m`चा प्रश्नच नव्हता. ठीक आहे. पण पन्नास वर्षांत कुणाला एवढं वाटू नये, की एक हजारांश ओहमचा रेझिस्टर दिसला की निदान एक ओळ तरी छापावी, ‘बाबा रे, नक्की?’ फाइलची पहिली ओळ ते नाव समजून सोडून देतं, तेही मला असंच कळलं. `1F` लिहिलं तर ते फॅरड नाही, फेम्टो समजतं. पण `M`नं माझा शनिवार खाल्ला. एक पूर्ण चांदणी तिथेच कापली.

`1MEG` केल्यावर दरी आली १४.१. वहीत १४.२. मी खूश. खरं तर आकडे जुळले ते दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून. एक, ४००७ तीनशे मिलीअँपियरला ०.८ च्या वर खातो, म्हणजे वहीतलं शिखर पाव व्होल्टनं जास्त होतं. दोन, कपॅसिटर पूर्ण १० मिलीसेकंद रिकामा होत नाही, सव्वा मिलीसेकंद आधीच परत भरायला लागतो, म्हणून खरा रिपल १.३६ नाही, १.२ च्या आसपास. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. जुळलं एवढंच बघितलं, बोर्ड छापले, डबे गेले.

मग फोन आला. निफाडकडचे एक बागायतदार, आमचे जुने गिऱ्हाईक. “भाऊ, तुमचं मशीन म्हणतंय माती कोरडी, आणि मी चिखलात उभा आहे. रोज संध्याकाळीच होतंय.” संध्याकाळी, म्हणजे शेजारपाजारच्या मोटारी सुरू झाल्या की. “काका, बोर्डाच्या प्लगमध्ये मीटर लावून बघा बरं,” म्हटलं. १९८ व्होल्ट.

इथे माझं मत पहिल्यांदा सॉफ्टवेअरविरुद्ध गेलं. हिशोब जुळला होता ना? मग? रात्री डोक्यात उजेड पडला, की वही आणि सिम्युलेशन जुळले कारण दोन्हींत मी एकच खोटं लिहिलं होतं. माझ्या ट्रान्सफॉर्मरला वाइंडिंगचा रेझिस्टन्सच नव्हता.

सकाळी ट्रान्सफॉर्मर सुटा करून मोजला. सेकंडरी २ ओहम (मीटरच्या वायरींचे ०.२ वजा करून). प्रायमरी ५०० ओहम. २३० ला लोड नसताना सेकंडरीवर १४ व्होल्ट. प्रायमरीचा रेझिस्टन्स सेकंडरीच्या बाजूनं बघायचा तर १४ भागिले २३० चा वर्ग गुणिले ५००, म्हणजे १.८५. एकूण साधारण ३.८ ओहम. पडताळा बघा: ५०० मिलीअँपियरला ३.८ ओहमवर १.९ व्होल्ट पडतात, १४ चे १२ होतात. चिठ्ठीवरचे १२ हे पूर्ण लोडचे. सातपूरला वाइंडिंग करून देणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “मी कधी म्हटलं रिकाम्यावर बारा देतो?” खरंय.

मग नेटलिस्ट, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायची सर्किटची फाइल, अशी झाली:

```
* 12V supply
Vs a x SIN(0 19.8 50)
Rw x b 3.8
Rg b 0 1MEG
D1 a out D4007
D2 b out D4007
D3 0 a D4007
D4 0 b D4007
C1 out 0 2200u
IL out 0 0.3
.model D4007 D(IS=7n RS=0.034 N=1.8)
.tran 20u 500m 400m 20u
.meas tran vmin MIN v(out)
.end
```

(शेवटून तिसऱ्या ओळीकडे लक्ष द्या. पहिले ४०० मिलीसेकंद फेकून दिलेत. कपॅसिटर शून्यापासून भरतानाचा भाग मोजणीत आला तर दरी भलतीच निघते.)

रेझिस्टन्स आला की चित्र बदलतं. कपॅसिटर आता क्षणभरात भरत नाही. करंटचा झटका रुंद आणि बुटका होतो, आणि कपॅसिटर शिखरापर्यंत पोचतच नाही. २३० ला सरासरी १४.०, दरी साडेतेराच्या थोडी वर. टेबलावर चाललं ते ७८१२ ला प्रत्यक्षात दोनपेक्षा थोडं कमी पुरतं म्हणून. २०० ला `SIN`मध्ये १७.२ घातलं, तर सरासरी ११.६, दरी सव्वाअकरा. इथे १२ निघणार कुठून? बोर्डाचे १२ खाली आले, सेन्सरचं आउटपुट त्यांच्यासोबत खाली आलं, आणि बोर्डानं त्याचा अर्थ लावला कोरडी माती.

मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट लावून खऱ्या डब्यावर मोजलं. २३० ला मीटरवर १३.७, सिम्युलेशनपेक्षा ०.३ कमी. आपल्याकडच्या मेनचं शिखर चपटं असतं, मी मात्र शुद्ध साइन धरली होती. २०० ला मीटरवर १२ च्या जवळ, म्हणजे उलट ०.४ जास्त. कारण मी लोड म्हणून पक्का ०.३ अँपियरचा सोर्स लावलाय. खरा रेग्युलेटर गुदमरला की आउटपुट पडतं आणि लोडही कमी ओढतो. एकाच सर्किटात एकदा यंत्र वर, एकदा खाली, पण दोन्ही वेळा का ते बोट ठेवून सांगता येतं. तिथे माझा राग बराच निवळला.

आणखी एका गोष्टीनं पैसे वाचवले. मी २२०० च्या जागी ४७०० चे कपॅसिटर मागवणार होतो. वहीतल्या सूत्रात रिपल निम्मा होतो, म्हणजे सुटलो. सिम्युलेशनमध्ये `4700u` केलं तर दरी जेमतेम पाव व्होल्ट वर सरकली. पडत होती सरासरी, वाइंडिंगमुळे. कपॅसिटर मोठा केल्यानं सरासरी वर येत नाही. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर धरला तर २०० ला दरी १४ च्या वर राहते, पण २५० ला ७८१२ वर सव्वादोन वॉट जळतात. हीटसिंक मोठी लागते.

म्हणून चार नाही, साडेतीन. आधी बघायचं शिखरांमधलं अंतर, मग प्रत्येक डायोडचा करंट, आणि मगच व्होल्ट, हा क्रम आता हाताला बसलाय. नेटलिस्ट चालवण्याआधी `M` शोधतो, सापडला की शिवी घालतो.

निफाडच्या काकांचा ट्रान्सफॉर्मर बदलून झाला. एकामागे चाळीस रुपये जास्त, शिवाय हीटसिंक. अजून अकरा डबे बाकी आहेत, आणि त्यातले चार चांदवडच्या पलीकडे.