हाताने काढलेल्या स्केचचा लोगो: ऑटो ट्रेस की पेन टूल?

कागदावर पेन्सिलीने किंवा काळ्या पेनाने काढलेले स्केच व्हेक्टरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिती रेषांच्या रूपात, आणण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एकात स्कॅन केलेले चित्र सॉफ्टवेअरला देऊन त्याच्याकडून कडा शोधून घेतल्या जातात, तर दुसऱ्यात चित्र खाली ठेवून त्यावर पेन टूलने आपण स्वतः वक्ररेषा काढतो. दोन्हींच्या शेवटी हाती येणारी फाइल पडद्यावर सारखीच दिसू शकते आणि म्हणूनच निवड करताना गोंधळ होतो. या लेखात दोन्ही मार्ग एकाच उदाहरणावर ताडून पाहिले आहेत. उदाहरण आहे नाशिकमधील तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानासाठी हवा असलेला लोगो, म्हणजे तांब्या या भांड्याची भरीव आकृती आणि तिच्याखाली दुकानाचे नाव. हा लोगो पाटीवर रेडियम कटिंगने लागणार आहे, व्हिजिटिंग कार्डावर जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा छापला जाणार आहे आणि पुढे भांड्यांवर कोरलाही जाणार आहे. उदाहरणात इंकस्केप वापरले असले, तरी कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांनाही हेच तर्क लागू पडतात.

स्केच कसे आत घ्यायचे, हे दोन्ही मार्गांना समान आहे. शक्य असल्यास ते स्कॅनरवर 300 डीपीआयला स्कॅन करावे. मोबाइलने फोटो काढायचा असेल, तर कागद सपाट ठेवून अगदी वरून काढावा, कारण फोन किंचित जरी तिरका झाला, तरी तांब्याचे तोंड बुडापेक्षा रुंद किंवा अरुंद दिसू लागते आणि ही चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यात तशीच राहते.

ऑटो ट्रेसपासून सुरुवात करू. इंकस्केपमध्ये `Path > Trace Bitmap` ही आज्ञा पोट्रेस नावाच्या प्रणालीच्या आधारे काम करते. ती आधी चित्राचे काळ्या आणि पांढऱ्या भागांत विभाजन करते, मग त्या दोहोंच्या सीमेवरून एक बहुभुज आखते आणि शेवटी त्या बहुभुजाच्या बाजूंना गुळगुळीत वक्ररेषांचे रूप देते. वक्ररेषांचे जोड, म्हणजेच अँकर पॉइंट किंवा नोड, प्रामुख्याने बहुभुजाच्या बाजूंच्या मध्यावर पडतात. आपल्या दृष्टीने तांब्याची मान कोठे सर्वांत अरुंद आहे आणि पोट कोठे सर्वांत फुगीर आहे, याच्याशी त्या जागांचा संबंध नसतो. प्रणाली शाईची कड पाहते, तांब्या पाहत नाही. त्यामुळे कागदाचा खडबडीतपणा, पेन क्षणभर थांबल्याने पसरलेली शाई आणि हाताचा बारीक कंप, हे सारे आकाराचाच भाग समजून ती इमानाने उतरवते.

स्केच रेषेचे असेल, म्हणजे आतून न भरलेले असेल, तर आणखी एक अडचण येते. पेनाच्या एका रेषेला दोन कडा असतात, एक आतली आणि एक बाहेरची, आणि ट्रेसमध्ये त्या दोन्ही उतरतात. परिणामी एका तांब्याऐवजी एकात एक बसलेले, परस्परांशी पूर्णपणे समांतर नसलेले दोन तांबे मिळतात. त्यावर उपाय म्हणजे ट्रेस करण्यापूर्वी आकृती काळ्या मार्करने आतून भरणे. ट्रेसच्या खिडकीतील `Centerline tracing` हा पर्याय रेषेचा मध्य शोधतो खरा, परंतु रेषेची जाडी कमीजास्त असेल आणि रेषा एकमेकींना जेथे भेटतात, तेथे तो बऱ्याचदा वेडावाकडा जातो.

याच खिडकीत नोडची संख्या कमी करण्याच्या सोयीही आहेत. `Speckles` वाढवल्यास बारीक ठिपके गळतात, `Smooth corners` वाढवल्यास कोपरे गोलावतात आणि `Optimize` वाढवल्यास शेजारचे तुकडे जोडून नोड कमी केले जातात. एवढे करूनही साध्या तांब्याच्या आकृतीवर काही डझन नोड उरणे अगदी सामान्य आहे. मग बहुतेक जण `Path > Simplify`, म्हणजे `Ctrl+L`, वापरतात. येथे सावध राहावे लागते. हीच आज्ञा लागोपाठ चटकन दिली, तर दर वेळी तिचा परिणाम अधिक तीव्र होत जातो, आणि तिला धारदार कोपरा व कंप यांतील फरक कळत नाही. तांब्याच्या काठाचे टोक आणि बुडाचा कोपरा गोलावलेला दिसला, तर सुलभीकरण गरजेपेक्षा पुढे गेले आहे, असे समजावे. त्यावेळी पोटावरची लाट मात्र अनेकदा तशीच राहिलेली असते.

आता हाताने काढण्याचा मार्ग पाहू. स्कॅन खालच्या लेयरवर ठेवून त्याची अपारदर्शकता 30 ते 40 टक्क्यांवर आणावी, तो लेयर लॉक करावा आणि रेषा काढण्यापूर्वी नोड कोठे ठेवायचे, हे ठरवावे. या मार्गाचे सारे यश याच एका निर्णयात आहे. रीत अशी, की वक्राचे सर्वांत डावे, उजवे, वरचे आणि खालचे बिंदू जेथे येतात, तेथे नोड ठेवावेत आणि त्यांचे हँडल, म्हणजे नोडमधून निघून वळणाची दिशा ठरवणारे दांडे, अगदी उभे किंवा अगदी आडवे ठेवावेत. याखेरीज खऱ्या कोपऱ्यांवर नोड ठेवावेत, आणि इतरत्र नोड तेव्हाच ठेवावा, जेव्हा त्याच्याशिवाय आकार बसतच नाही. पूर्ण वर्तुळही अशा चार नोडमध्ये बसते. त्यात प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण 0.55 पट असते आणि खऱ्या वर्तुळाशी असलेला फरक डोळ्यांना दिसत नाही.

तांब्याची उजवी बाजू या रीतीने पाहिली, तर चार जागा लगेच दिसतात. त्या म्हणजे काठाचे टोक, मानेचा सर्वांत अरुंद भाग, पोटाचा सर्वांत रुंद भाग आणि बुडाचा कोपरा. काठ आणि बूड हे कोपरे आहेत, तर मान आणि पोट या उभ्या हँडलच्या गुळगुळीत जागा आहेत. तांब्याची उंची 100 एकक धरली आणि मधल्या अक्षापासून उजवीकडे आणि काठापासून खाली अंतर मोजले, तर अर्धी कड अशी लिहिता येते:

```
M 28,0
C 24,3 20,6 20,14
C 20,32 42,34 42,60
C 42,84 34,97 22,100
```

पहिली ओळ काठाचे टोक सांगते. पुढच्या प्रत्येक ओळीत आधी दोन हँडलांची टोके आहेत आणि शेवटी पुढचा नोड आहे. मानेजवळचे आकडे नीट पाहावेत. वरचे हँडल, नोड आणि खालचे हँडल या तिन्हींचा पहिला आकडा 20 आहे, म्हणजे तिन्ही एकाच उभ्या रेषेत आहेत. पोटाजवळ तोच आकडा तिन्ही ठिकाणी 42 आहे. हँडल ओढताना `Ctrl` दाबून धरले, की ही उभी रेषा आपोआप साधते. मानेपासून पोटापर्यंतचा खांदा आधी बाहेर वळतो आणि मग पुन्हा खाली उतरतो, तरीही हे दुहेरी वळण एकाच तुकड्यात बसते आणि मध्ये नोड लागत नाही. मानेचे खालचे हँडल 18 एकक आहे आणि पोटाचे वरचे 26. पोटाचे हँडल आणखी लांबवले, की पोट वरपर्यंत भरलेले दिसते, आणि मानेचे लांबवले, की मान उंच होते. तांब्याचा खांदा जवळजवळ आडवा हवा असेल, तर मात्र दोन्ही हँडल एकमेकांना ओलांडून बरेच पुढे न्यावे लागतात आणि वळणे टोकांजवळ आवळली जातात. अशा वेळी वळण जेथे दिशा बदलते, तेथे एक नोड वाढवणेच योग्य ठरते. नोड कमी असावेत हे खरे, पण कमी नोडसाठी आकाराशी तडजोड करण्यात अर्थ नाही.

ही अर्धी कड `Ctrl+D` ने दुहेरी करून आडवी उलटवली, ती मधल्या अक्षाच्या डावीकडे तेवढ्याच अंतरावर सरकवली, दोन्ही भाग `Ctrl+K` ने एकत्र केले आणि वरची व खालची टोके सरळ तुकड्यांनी जोडली, की आठ नोडचा पूर्ण तांब्या तयार होतो. हाताने काढलेल्या स्केचमध्ये डावी आणि उजवी बाजू क्वचितच सारखी असते. ऑटो ट्रेस ती विषमता जपतो, तर येथे दोहोंपैकी कोणती बाजू अधिक डौलदार आहे, हे आपल्याला ठरवावे लागते. माझ्या मते हे ओझे नसून हाच रेखाटनाचा अखेरचा आणि महत्त्वाचा टप्पा आहे.

दोन्ही फाइलींतला फरक बदल करताना सर्वाधिक जाणवतो. दुकानदार म्हणाला, की पोट थोडे भरीव करा, तर आठ नोडच्या आकृतीत पोटाचे दोन नोड बाहेर सरकवले की वरचे आणि खालचे वळण आपोआप त्यांच्यामागे जाते. ऑटो ट्रेसमध्ये त्याच भागात अनेक नोड असतात. त्यांतले काही सरकवले आणि काही राहिले, की पोटावर उंचवटे येतात. रेडियम कटिंगमध्येही हाच दोष प्रत्यक्ष उतरतो. अगदी आखूड तुकड्यांवर आणि त्यांच्यामधल्या सूक्ष्म कोनांवर पाते दिशा बदलत राहते, कड दातेरी होते आणि नको असलेला भाग सोलताना त्या जागी फिल्म अडकते किंवा फाटते. व्हिजिटिंग कार्डावर एक सेंटिमीटरच्या आकारात मात्र या दोन फाइलींतला फरक फारसा दिसणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

वेळेच्या बाबतीत पारडे वाटते तेवढे एका बाजूला झुकलेले नाही. ट्रेस काही सेकंदांत होतो, पण त्यानंतरची सफाई लांबते. पेन टूलने तांब्यासारखा आकार काढायला सरावलेल्या हाताला अर्धा तास पुरेसा होतो. हँडलची सवय नसलेल्याला मात्र पहिल्या काही आकृत्यांना बराच वेळ द्यावा लागेल. लोगो उद्याच हवा असेल आणि हाताशी फक्त नवशिका असेल, तर भरीव स्केचचा ट्रेस घेऊन, त्याच ट्रेसला खालचे चित्र मानून वरून चार-चार नोड ठेवणे, हा मधला मार्ग व्यवहार्य आहे.

दुकानाच्या नावाबाबत माझा निर्णय अक्षरांच्या जातीवर अवलंबून राहील. नाव कोरड्या ब्रशने लिहिलेले असेल आणि फटकाऱ्यातले तुटलेले तंतू हेच त्याचे सौंदर्य असेल, तर ऑटो ट्रेसच निवडावा, कारण ते तंतू हाताने काढणे व्यर्थ आहे आणि तेथे नोडची संख्या मोजण्यातही अर्थ नाही. मात्र अशा अक्षरांचे रेडियम कटिंग टाळून पाटीवर ती छापून घ्यावीत. अक्षरे बोरूने लिहिलेली आणि स्वच्छ कडांची असतील, तर ती पेन टूलनेच काढावीत. शिरोरेषा वेगळा आयत म्हणून काढावी, अक्षरे तिला शेवटी `Path > Union` ने जोडावीत आणि जोडाच्या जागी जे दोन-दोन नोड येतील, ते तसेच राहू द्यावेत. ते खरे कोपरे आहेत.

काम दुसऱ्याकडून करून घेत असाल, तर फाइल स्वीकारण्यापूर्वी ती `Outline` दृश्यात उघडून पाहावी, नोड टूल घेऊन `Ctrl+A` करावे आणि खालच्या पट्टीवर दिसणारी नोडची संख्या वाचावी. तांब्याच्या आकृतीला दहा-बारा नोड असतील, तर कोणीतरी विचार करून ते ठेवले आहेत. साठ-सत्तर असतील, तर पोटाचा एक नोड बाणाच्या कळीने थोडा हलवून पाहावा आणि वळण त्याच्यासोबत जाते की तेथे टेंगूळ येते, हे तपासूनच पैसे द्यावेत.