काळी-पिवळी टॅक्सी ‘परमिटसकट’ घेताना : माझ्या भावाचे पैसे कसे अडकले

माझा धाकटा भाऊ अनेक वर्षे दुसऱ्याची काळी-पिवळी शिफ्टवर चालवत होता. रोजचे पैसे मालकाला द्यायचे, गॅस स्वतःचा भरायचा आणि उरेल ते घरी आणायचे. स्वतःची गाडी असावी ही त्याची इच्छा साधी होती आणि बॅजही त्याच्याकडे होता. स्टँडवर येणाऱ्या एका एजंटने त्याला २००८ ची एक वॅगन-आर दाखवली आणि ‘परमिटसकट’ साडेतीन लाख सांगितले. गाडीपेक्षा परमिटचीच किंमत जास्त आहे, हे टॅक्सीवाल्यांना सांगायला नको. १९९७ मध्ये सरकारने नवीन परमिटे बंद केली आणि ती बंदी २०१७ मध्ये उठली. मधल्या वीस वर्षांत परमिट ही विकत घेण्याची वस्तू आहे अशी सवय सगळ्यांना लागली. तिचाच फायदा असे एजंट घेतात.

व्यवहार २०२४ च्या दिवाळीनंतर झाला. मूळ मालक वयस्कर आहेत, कोकणात गावी असतात, त्यांना मुंबईला यायला जमत नाही, असे एजंटने सांगितले. मालकांनी दिलेले नोटरी केलेले मुखत्यारपत्र त्याने दाखवले. गाडी विकण्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० त्यांच्या सहीसकट तयार होते, फक्त तारीख कोरी होती. मूळ आरसी होती, परमिट होते, त्यावर २०२६ पर्यंतची मुदत होती, फिटनेस आणि विमा चालू होता. “नाव दोन महिन्यांत चढेल, तोवर गाडी बिनधास्त चालव,” असे तो म्हणाला. भावाने आणि वहिनीने दागिने गहाण ठेवून पूर्ण रक्कम दिली. मी ते कागद नंतर पाहिले. एकही कागद बनावट नव्हता, प्रत्येक सही खरी होती, आणि म्हणूनच हा अनुभव लिहावासा वाटला. खोटे कागद ओळखायला लोक शिकले आहेत. खरे पण निरुपयोगी झालेले कागद ओळखणे जास्त कठीण आहे.

फसवणूक उघडी पडली ती नाशिकमध्ये. ‘हे परमिट पुण्या-नाशिकपर्यंत चालते, परतीचे भाडेही मिळते’ असे एजंटने सांगितले होते. भाऊ एका कुटुंबाला नाशिकला सोडायला गेला आणि परतताना तिथूनच मुंबईचे प्रवासी बसवले. आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडी थांबवली, परमिट मागितले आणि त्यावरचे कार्यक्षेत्र वाचून दाखवले. नाशिकचा त्यात उल्लेख नव्हता. गाडी अटकावून ठेवली गेली.

टॅक्सीच्या परमिटवर बसच्या परमिटसारखा ठरावीक मार्ग नसतो, पण क्षेत्र असते आणि ते परमिटावर लिहिलेले असते. मुंबईकरांना याचे रोजचे उदाहरण माहीत आहे : उपनगरातली रिक्षा माहीम किंवा सायनच्या पुढे शहरात येत नाही. टॅक्सीचेही क्षेत्र असेच असते, फक्त ते मोठे असल्यामुळे लक्षात येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ नुसार एका प्रादेशिक प्राधिकरणाने दिलेले परमिट दुसऱ्या प्रदेशात, नियमांत वेगळी सवलत नसेल तर, तिथल्या प्राधिकरणाच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय चालत नाही. दादरहून पुण्याला, नाशिकला, शिर्डीला शेअर टॅक्सी जातात, हे पाहून लोकांचा गैरसमज होतो. त्या सेवेचे भाडे प्राधिकरण वेगळे ठरवते. ती सेवा चालते म्हणून कोणत्याही काळी-पिवळीला त्या शहरातून भाडे उचलता येईल असा अर्थ निघत नाही. राज्याबाहेर पर्यटक न्यायचे असतील तर त्यासाठी पर्यटक परमिट लागते. ते घेऊन चालणारी पर्यटक गाडी आणि काळी-पिवळी ही दोन वेगळी कामे आहेत. म्हणून गाडी घेण्याआधी विकणाऱ्याला ‘कुठपर्यंत चालते’ असे विचारू नका. परमिटाचा कागद हातात घ्या आणि क्षेत्राची ओळ स्वतः वाचा.

परमिटातील क्षेत्र किंवा मार्गाची अट मोडणे कलम १९२-अ खाली येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. अपघात झाला असता तर प्रकरण याहून वाईट झाले असते. परमिटच नसलेल्या गाडीचा अपघात झाल्यास विमा कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घेतली आहे. म्हणजे विम्याचा कागद गाडीत असूनही भरपाई शेवटी मालकाच्या खिशातून जाऊ शकते.

गाडी सोडवण्यासाठी नोंदणीकृत मालकाचे म्हणणे हवे होते. एजंट फोन उचलेना. भावाने आरसीवरच्या पत्त्यावरून गावचे घर शोधले. फोनवर मालकांची पत्नी आली. “ते फेब्रुवारीत गेले,” असे तिने सांगितले. म्हणजे व्यवहाराच्या नऊ महिने आधी. ते हयात असताना त्यांनी गाडी विकायचा विचार करून एजंटला मुखत्यारपत्र आणि सह्या केलेले फॉर्म दिले होते, पण विक्री झाली नाही. वारल्यावर एजंटने त्या माउलीला ‘परमिट आता रद्द झाले, गाडी भंगारात जाईल’ असे सांगून काही हजार रुपये दिले. तीही फसली होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की त्या पत्राचा अधिकार सर्वसाधारणपणे संपतो. फॉर्मवरची सही जिवंतपणी केलेली असली, तरी मृत्यूनंतर तो फॉर्म त्यांचा म्हणून देता येत नाही. आणि परमिट तर आधीच वेगळ्या कायद्याखाली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे परमिट ज्या प्राधिकरणाने दिले त्याच्या परवानगीशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. गाडी विकत घेतली म्हणून त्या परमिटावर ती चालवायचा हक्क आपोआप मिळत नाही. हे वाक्य प्रत्येक टॅक्सी स्टँडवर लावले पाहिजे असे मला वाटते, कारण ‘आरसी नावावर झाली की परमिट येतेच’ असे जुने ड्रायव्हरही सांगतात. गाडीची मालकी आणि परमिट ही दोन वेगळी हस्तांतरणे आहेत, दोन वेगळे अर्ज आहेत.

परमिटधारक वारला तर नियम आणखी काटेकोर आहेत. वारसाने ३० दिवसांच्या आत प्राधिकरणाला मृत्यू कळवला आणि परमिट वापरायचे आहे असे सांगितले, तर त्याला तीन महिने ते वापरता येते. त्याच तीन महिन्यांत परमिट स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला तर पुरेसे आणि चांगले कारण दाखवल्यास प्राधिकरण अर्ज घेऊ शकते, पण तो त्यांचा निर्णय असतो. गाडीच्या आरसीसाठी वारसाचा वेगळा फॉर्म ३१ आहे. म्हणजे मृताच्या नावावरची टॅक्सी विकायची असेल तर आधी गाडी आणि परमिट दोन्ही वारसाच्या नावावर व्हायला हवेत आणि मग वारसाकडून खरेदीदाराकडे. थेट मृताकडून तुमच्याकडे येणारा रस्ता नाही. आमच्या प्रकरणात कोणी कळवलेच नव्हते, त्यामुळे परमिटवर २०२६ ची तारीख दिसत असली तरी त्यावर गाडी चालवायचा अधिकार कुणाकडेच उरला नव्हता.

हे आधी कळले असते का? कळले असते, आणि त्याला खर्चही फारसा नव्हता. परिवहन विभागाच्या ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, परमिटची मुदत आणि कर्जाची नोंद दिसते, मालकाचे नाव अर्धे झाकलेले दिसते. तिथे कर्जाची नोंद असेल तर बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ शिवाय पुढे जाऊ नका. मात्र ॲपवर मालक जिवंत आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी एकच गोष्ट करायची : मालकाला समोर आणायला सांगायचे, नाहीतर त्यांच्याशी व्हिडिओवर बोलून आधार कार्ड पाहायचे. मालक ‘आजारी आहेत, गावी आहेत’ म्हणून टाळले जात असेल तर तिथेच थांबा. तारीख कोरी असलेले सही केलेले फॉर्म हीसुद्धा खूणच आहे. जो माणूस आज विकतो आहे तो आज सही करू शकतो.

गाडीचे वय हाही हिशोबात घ्यायचा भाग आहे. मुंबईत काळी-पिवळीला २० वर्षांची मर्यादा आहे. पद्मिनी टॅक्सीचे प्रकरण आठवत असेल : शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. आमची २००८ ची गाडी २०२८ मध्ये बाद होणार होती, म्हणजे साडेतीन लाख देऊन सुमारे चार वर्षांची गाडी. परमिट मात्र गाडीबरोबर मरत नाही. प्राधिकरणाच्या परवानगीने त्याच परमिटवर त्याच प्रकारची दुसरी गाडी बदलता येते. म्हणून जुन्या गाडीला जास्त पैसे देताना खरेतर परमिटचेच पैसे दिले जातात. परमिट नावावर होणार नसेल तर त्या गाडीची किंमत भंगाराच्या जवळ येते.

पैसे कसे द्यायचे, याबद्दल भावाला मी आता एवढेच सांगतो : इसार म्हणून थोडी रक्कम बँकेतून, मालकाच्याच खात्यात द्यायची. मोठी रक्कम परमिटवर आपले नाव चढल्यावर द्यायची, आणि करारात हे स्पष्ट लिहून घ्यायचे. विकणारा यावर तयार नसेल तर त्याच्याकडून गाडी घेऊ नये, मग तो कितीही स्वस्तात देत असो. भावाने सगळी रक्कम रोख दिली होती. एजंटच्या नावाची पावतीसुद्धा मिळाली नाही.

पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. मुखत्यारपत्राचा एजंटने मृत्यूनंतर केलेला वापर हा तक्रारीतला मुख्य मुद्दा आहे. मृत्यूचा दाखला मालकांच्या पत्नीने दिला. तिने फॉर्म ३१ भरला, परमिट नावावर करण्याचा उशिरा अर्जही दिला आणि उशिराचे कारण म्हणून एजंटने दिलेली खोटी माहिती लिहिली. प्राधिकरणाने ते मान्य केले तर ती आधी परमिटधारक होईल आणि मग भावाच्या नावाने पुढचा अर्ज करता येईल. न मान्य झाले तर फक्त गाडी उरेल. दंड भरून गाडी सोडवली आहे, पण ती भाड्यावर लावलेली नाही. भाऊ पुन्हा शिफ्टवर दुसऱ्याची टॅक्सी चालवतो आहे.