सात महिने, एक टीव्ही आणि काळ्यात गडप झालेला अंधार

पंचावन्न इंची एलसीडी टीव्ही घेऊन सात महिने झाले. पॅनेल व्हीए जातीचं आहे, म्हणजे समोरून पाहिलं तर काळा रंग छान गडद दिसतो. पहिले दोन महिने मी याच गडदपणाचं कौतुक करत होतो. मग एका रात्री लॅपटॉप जोडून गुन्हेगारी मालिका लावली. वाड्यात कंदील घेऊन दोघं बोलतायत असा प्रसंग. कंदील दिसत होता, एकाचं नाक दिसत होतं, बाकी सगळा डांबर. बाबा म्हणाले, "अरे, हा रेडिओच ऐकायचा होता तर टीव्ही कशाला लावलास?"

मी ब्राइटनेस वाढवला. भिंत थोडी उमटली, पण चित्राच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या राखेसारख्या झाल्या, म्हणून परत होता तिथे आणला. दुसऱ्या दिवशी तोच भाग टीव्हीतल्याच ॲपवर लावला, तर भिंत, खुंटी, खुंटीवरचं धोतर, सगळं जागच्या जागी. तेव्हा लक्षात आलं की पॅनेल ठीक आहे, वाट मध्येच कुठेतरी चुकतेय.

एव्हीएस एचडी ७०९ नावाचा टेस्ट पॅटर्नचा फुकट संच मिळतो. त्यातली एमपी४ फाइल पेनड्राइव्हवर घेतली. काळ्या टोकाच्या पॅटर्नमध्ये उभ्या पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली आकडा, आणि त्या लुकलुकतात. व्हिडिओत १६ हा आकडा म्हणजे पूर्ण काळा आणि २३५ म्हणजे पूर्ण पांढरा. म्हणून १६ आणि त्याखालच्या पट्ट्या दिसायला नकोत, १७ पासून पुढच्या मात्र लुकलुकल्या पाहिजेत. १७ तर इतकी पुसट असते की खोलीतला दिवा मालवून, डोळे सरावले की मगच कळते.

टीव्हीच्या यूएसबीवर लावला तेव्हा २१ पासून पट्ट्या दिसल्या. १७ ते २० गायब. हा माझाच प्रताप होता. पहिल्या आठवड्यात काळा 'डीप' दिसावा म्हणून ब्राइटनेस ५० वरून ४५ वर आणला होता. मग तोच पॅटर्न लॅपटॉपवरून एचडीएमआयने लावला, तर २५ पर्यंतची एकही पट्टी नाही. आणि जी गोष्ट मी एरवी पाहिलीच नसती ती म्हणजे पांढऱ्या टोकाचा पॅटर्न. तिथेही सगळ्या पट्ट्या एकाच पांढऱ्यात विरघळलेल्या.

दोन्ही टोकं एकदम कापली जात असतील, तर दोष बहुधा ब्राइटनेसचा नसतो. लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यात आकड्यांचा मेळ बसलेला नसतो. लॅपटॉप ० ते २५५ असा पूर्ण पल्ला पाठवत होता, तर टीव्ही तो १६ ते २३५ चा समजून वाचत होता. साहजिकच लॅपटॉपच्या १६ पर्यंतचं सगळं टीव्हीसाठी शुद्ध काळं. व्हिडिओ लॅपटॉपच्या प्लेअरमध्ये आधीच पूर्ण पल्ल्यावर ताणला गेलेला असतो, त्यामुळे मूळ व्हिडिओच्या मोजणीत हा काप साधारण ३० पर्यंत जातो. वाड्यातली भिंत नेमकी तिथेच राहत असणार. उलटा गोंधळ झाला, म्हणजे स्रोत १६ ते २३५ पाठवतोय आणि टीव्ही पूर्ण पल्ला धरून बसलाय, तर तपशील जात नाही, पण चित्र धुक्यात बुडवल्यासारखं फिकं दिसतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआयसाठी `HDMI Black Level` होतं, `Auto` वर. ते हाताने `Normal` केलं. पर्याय `Low` आणि `Normal` असे आहेत आणि 'लो' म्हणजे जास्त खोल काळा असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात माझ्या टीव्हीवर 'लो' म्हणजे १६ ते २३५ आणि 'नॉर्मल' म्हणजे पूर्ण पल्ला. दुसऱ्या टीव्हींवर याचीच नावं `Limited` आणि `Full` अशी असतात, ती बरी. दुसरा मार्ग म्हणजे लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन तिकडचा पल्ला मर्यादित करणं. कुठलंही एक करा, दोन्हीकडे एकदम बदललंत तर पुन्हा मेळ बिघडतो.

'नॉर्मल' केल्याबरोबर पांढऱ्या टोकाच्या पट्ट्या परत आल्या. काळ्याकडे २१ पासून दिसू लागलं, म्हणजे आता यूएसबीसारखंच. उरलेलं काम ब्राइटनेसचं. आधी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि खोलीच्या उजेडानुसार चित्र बदलणारा सेन्सर बंद केला, नाहीतर आपण एक पाऊल टाकतो आणि टीव्ही दुसरं. वीस मिनिटं टीव्ही तापू दिला. मग ४५ वरून एकेक घर चढत गेलो. ४८ ला १८ लुकलुकली, ५० ला १७ जेमतेम. ५२ ला सगळा पडदा राखाडी झाला, म्हणून परत ५०. रोज बसतो तिथूनच पाहिलं, कारण व्हीए पॅनेल बाजूने पाहिलं की अंधार फिकट दिसतो. आणि एक सावधगिरी. हा ब्राइटनेस म्हणजे बॅकलाइट, पडद्यामागचा दिवा, नव्हे. काही नव्या टीव्हींवर बॅकलाइटलाच 'ब्राइटनेस' म्हणतात आणि काळ्याची पातळी 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'शॅडो डिटेल' या नावाने वेगळी असते. नावावर जाऊ नका. कुठला स्लायडर हलवल्यावर १७ ची पट्टी येते-जाते ते बघा.

एवढं करूनही दुपारी अंधारे प्रसंग जडच वाटत होते. तो गॅमा, म्हणजे काळा आणि पांढरा यांच्या मधल्या छटा किती गडद दिसाव्यात ते ठरवणारा वक्र. ब्लॅक लेव्हल चुकली तर तपशील कापलाच जातो, खोली कितीही काळोखी करा, दिसत नाही. गॅमा जास्त असेल तर पट्ट्या सगळ्या असतात, फक्त दबलेल्या असतात आणि पडदे ओढले की उगवतात. दहा टक्के सिग्नलला २.४ गॅमावर पडदा कमाल उजेडाच्या ०.४० टक्के प्रकाश देतो, २.२ वर ०.६३ टक्के. कागदावर किरकोळ, पण खिडकीतून ऊन येत असताना वाड्यातली खुंटी दिसणं आणि न दिसणं एवढ्यावरच ठरतं. मी दोन पिक्चर मोड ठेवलेत. दिवे मालवून बघायचं असेल तर सिनेमा मोड, २.४ वर. दिवसासाठी दुसरा, २.२ वर. आईला ट्यूबलाइट लावूनच टीव्ही बघायला आवडतो, तिच्या वाट्याला रात्रीही २.२.

याने सगळं सुटत नाही. अंधार उघडला की त्यात कॉम्प्रेशनची घाणही उघडी पडते. स्ट्रीमिंगवर काळ्या आकाशात चौकोनी ठिपके सरकताना आता दिसतात, पूर्वी ते काळ्यात झाकलेले होते. शिवाय ही फाइल साध्या एसडीआर चित्रासाठी आहे. एचडीआर लागलं की टीव्ही वेगळाच वक्र वापरतो, तिथे हा २.२-२.४ चा हिशोब लागू नाही.

पाचव्या महिन्यात सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि `HDMI Black Level` गुपचूप परत `Auto` वर गेलं. या वेळी मालिका बघून डोकं खाजवलं नाही. पेनड्राइव्हवरची फाइल लॅपटॉपमध्ये टाकून ठेवली होती, ती लावली. २५ पर्यंत सगळं काळं आणि वरचं टोकही पांढरं फटक. दोन मिनिटांत `Normal` केलं. बाबा तेवढ्यात चहा घेऊन आले आणि पडद्यावरच्या लुकलुकत्या पट्ट्यांकडे बघून म्हणाले, "केबल गेली का रे?"