ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता, तरी १२,३५९ रुपये गेले

आधीच सांगतो, मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. पोलीस ठाण्यात, वॉलेट कंपनीच्या फोनवर, घरी, सगळीकडे हेच सांगून घसा कोरडा पडला, पण ऐकून कोण घेतंय?

रात्री मोबाइलवर शूटिंग गेम खेळत होतो, रँडम स्क्वाडमध्ये, म्हणजे अनोळखी खेळाडूंच्या टीममध्ये. लॉबीत सगळे हिंदीत बोलत असताना एकाने विचारलं, "भावा, मराठी का? कुठला?" मी म्हणालो, सांगलीचा. "अरे, माझं आजोळ मिरजेला!" झालं, जमलं आमचं. अनोळखी लॉबीत आपल्या भाषेत कोणी बोललं की बरं वाटतं, त्यात माझं काय चुकलं? पण आता कळतंय की तो लॉबीत प्रत्येकाला हेच विचारत असणार आणि गाव कळलं की आजोळ तिथलंच निघणार. दोन-चार रात्रींत त्याला माझं खरं नाव, नोकरी आणि पगाराची तारीख कळली होती, आणि सगळं गप्पांच्या ओघात.

मग तो म्हणाला, "तुझी सेन्सिटिव्हिटी चुकीची आहे, म्हणून स्प्रे वर जातोय. नंबर दे, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करतो. स्क्रीन शेअर कर, एकेक सेटिंग लावून देतो." इथे खटकायला हवं होतं! सेटिंग दाखवायला माझी स्क्रीन कशाला? सेन्सिटिव्हिटीचा कोड असतो, तो चॅटमध्ये टाकला की काम होतं. मला हे माहीत होतं, मी स्वतः कितीतरी जणांना असा कोड दिलाय. पण इतक्या रात्री सोबत खेळलेल्या माणसाला "नको" म्हणायला जीभ रेटली नाही, आणि त्याने नेमकं तेच हेरलं होतं.

स्क्रीन शेअर चालू असताना वरून येणाऱ्या नोटिफिकेशनही समोरच्याला दिसू शकतात. त्याच्याकडे माझा नंबर होताच. त्याने तो शॉपिंग अ‍ॅपच्या लॉगिनमध्ये टाकला, ओटीपी माझ्या स्क्रीनवर वरून खाली सरकला आणि त्याने वाचला. मी तेव्हा स्लायडर सरकवत होतो. "एडीएस थोडं कमी कर, अजून कमी," असं तो बोलत राहिला. वॉलेटमधले २,८६० रुपये गेले आणि 'पे लेटर'वर ९,४९९ रुपयांची गिफ्ट व्हाउचर घेतली गेली. त्याचाही ओटीपी तसाच आला, तसाच वाचला गेला. व्हाउचरचे कोड त्याने दिलेल्या ईमेलवर गेले. असे कोड लगेच वापरले किंवा विकले जातात, मग परत काय मिळणार?

मित्रांनो, लॉबीत बोला, जरूर बोला. "हाय, आवाज येतोय का? कुठे उतरायचं?" एवढ्याने कोणाशीही छान जमतं. कुठला विचारलं तर "महाराष्ट्र" पुरे. हाक मारायला गेममधलं नाव आहेच. नंबर मागितला तर "इथेच बोलू, भावा" म्हणा. खरा खेळाडू रागावत नाही, पुढची मॅच लावतो. जो रुसतो किंवा पुन्हा पुन्हा मागतो, त्याला तिथेच म्यूट करा. डिस्कॉर्डवर सर्व्हरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी सदस्यांचे थेट मेसेज बंद करा. स्क्रीन शेअर करायचीच वेळ आली तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि फोनमध्ये सोय असेल तर फक्त गेमचं अ‍ॅप शेअर करा.

वॉलेट कंपनीचं उत्तर ठरलेलं: "ओटीपी वापरला गेला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला." ठाण्यातले साहेब म्हणाले, "गेममध्ये अनोळखी लोकांशी बोलताच कशाला?" म्हणजे गुन्हेगार बाजूला आणि आरोपी मी! तिथून सायबर शाखेत पाठवलं. सायबर शाखा म्हणाली, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवायची. हे वाक्य मी मोबाइलवर दाखवलं, तर "कायदा आम्हाला शिकवू नका." शेवटी एका कागदावर अर्ज घेतला. शिक्का मागितला तर तोही दुसऱ्या दिवशी. पे लेटरचा हप्ता मात्र तारखेला कापला गेला, तिथे कोणी चौकशीला थांबलं नाही.

तुमच्यासोबत असं झालं तर ठाण्याच्या आधी १९३० ला फोन लावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तरच अडवता येतात. आणि त्याने तुम्हाला ब्लॉक करायच्या आत अलीकडच्या खेळाडूंच्या यादीतून त्याच्या प्लेअर आयडीचा, म्हणजे त्या आकड्याचा, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. नाव तो उद्या बदलेल, आकडा तोच राहतो. माझ्याकडे फक्त नाव होतं.